84 हा आकडा नेमका कोणाचा?

माझ्या भाच्याचा बुद्ध्यांक 84 आहे, असं एका कागदावर शिक्क्यासह लिहिलेलं आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून वारंगा फाट्याला घरी आलो, तेव्हा आपाने तो कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "भाई, तू इंजिनिअर है ना, देख के बता. पोरगा मंद आहे म्हणतेत का हुशार आहे म्हणतेत, मेरे कू कुछ समझा नहीं."

तिचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. आमच्या घरात भाषा अशीच चालते. घरात दखनी, शाळेत उर्दू, फाट्यावर मराठी आणि टीव्हीवर हिंदी. नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते जिथे मिळतात, तिथे खिचडी खायला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांशी माझा भाचा मराठीत बोलतो, हिशेब उर्दूत करतो आणि भांडतो दखनीत. शेजारच्या तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात. या पोरांना कोणी विचारलं की तुझी भाषा कोणती, तर ती उलट विचारतील, कुठं बोलायची?

भाचा दहा वर्षांचा, उर्दू माध्यमात चौथीत. तोंडी हिशेबात पक्का, पण वाचायला बसला की अक्षरं उलटीसुलटी होतात. शिक्षिकेला शंका आली आणि तिने आपाला तपासणी करून घ्यायला सांगितलं. त्या बाईंचे आभारच मानले पाहिजेत, कारण बहुतेक ठिकाणी असं मूल "ढ" ठरून मागच्या बाकावर जातं. आपा त्याला एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. तिथे मराठी पुस्तिकेवरून बुद्धिमापन चाचणी झाली. मुलगा अडखळला की तपासणाऱ्या मॅडम प्रश्न तिथल्या तिथे हिंदीत करून सांगत होत्या. बिचाऱ्या मायाळू होत्या, असं आपाच सांगते. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. ती त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या पद्धतीविरुद्ध आहे.

एका गुणाने काय जातं

दिव्यांग हक्क कायदा 2016 साली आला आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीला, जागा मिळाली. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतला क्रम असा. आधी बुद्ध्यांक मोजायचा. तो 85 च्या वर असेल, तरच पुढे वाचन-लेखनाच्या खास चाचण्या घ्यायच्या. या सूचनांत बुद्ध्यांकासाठी मालिन यांची चाचणी नाव घेऊन सांगितली होती.

उंबरठा ठेवण्यामागचा तर्क साधा आहे. मुलाची बुद्धी सर्वसाधारण आहे आणि तरीही वाचता येत नाही, म्हणजे अडचण वाचनाच्या यंत्रणेत आहे. बुद्ध्यांक 70 च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमतेचा वेगळा विचार होतो. आता मधल्या मुलांकडे पाहा. 70 च्या वर आणि 85 च्या खाली असलेलं मूल ना इकडचं, ना तिकडचं. त्याला दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही, सवलत नाही. कागदावर "सीमारेषेवरील बुद्धी" एवढं लिहून त्याला घरी पाठवतात.

माझा भाचा 84 वर अडकला. त्याच्या वाचनाची तपासणी झालीच नाही.

मोजमाप उघडून पाहिलं तेव्हा

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. शेवटचा आकडा चुकीचा वाटला की तो कशाकशातून बनला ते उघडून पाहायचं. मालिन यांच्या चाचणीत ते सोपं आहे. तिचे दोन भाग आहेत, शाब्दिक आणि कृतीचा. प्रत्येक भागात उपचाचण्या, त्या प्रत्येकीचा एक गुणांक, त्यांची सरासरी म्हणजे त्या भागाचा बुद्ध्यांक आणि दोन भागांची सरासरी म्हणजे एकूण बुद्ध्यांक.

भाच्याचे शाब्दिक गुणांक असे होते: सामान्य माहिती 70, व्यवहारज्ञान 75, अंकगणित 84, साम्य ओळखणे 62, शब्दसंग्रह 58, अंक लक्षात ठेवणे 95. बेरीज 444, सरासरी 74. ठोकळे जुळवणे, चित्रातली उणीव ओळखणे, चक्रव्यूह वगैरे कृतीच्या भागात सरासरी 94. दोन्हींची सरासरी 84.

एकाच मुलाच्या दोन भागांत वीस गुणांची दरी आहे. ही दरी दिसल्यावर सरासरी काढून मोकळं होणं म्हणजे एक पाय बर्फात आणि एक निखाऱ्यावर असलेल्या माणसाला "सरासरी तापमान ठीक आहे" असं सांगणं. आणि दरी कुठे पडली तेही पाहा. अंक लक्षात ठेवण्यात मूल सर्वसाधारण आहे, कारण एक-दोन-तीन त्याला तिन्ही भाषांत सारखेच येतात. घसरलं कुठे, तर शब्दांत आणि साम्यात. म्हणजे जिथे भाषा सर्वांत जास्त लागते तिथे.

आता एक हिशेब. शब्दसंग्रह आणि साम्य या दोनच उपचाचण्यांत त्याला 75 मिळाले असते, म्हणजे व्यवहारज्ञानात मिळाले तेवढेच, तर शाब्दिक सरासरी 79 झाली असती आणि एकूण बुद्ध्यांक 86.5. दार उघडलं असतं. त्याचा खरा बुद्ध्यांक 86.5 आहे असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच की 84 आणि 86.5 यांच्यातला फरक या मुलाच्या डोक्यात आहे की चाचणीच्या भाषेत, हे या कागदावरून कोणालाही सांगता येणार नाही.

शब्द बदलला की वजनही बदलतं

चाचणीतले खरे प्रश्न छापणं योग्य नाही. ते फुटले की चाचणीच निकामी होते. म्हणून मी माझे नमुने देतो.

समजा, शब्दसंग्रहात विचारलं, "तालीम म्हणजे काय?" मराठी मूल म्हणेल कुस्तीचा आखाडा, किंवा नाटकाचा सराव. उर्दू शाळेतलं मूल म्हणेल, पढाई. उत्तर अचूक आहे, पण उत्तरसूचीत नाही. शून्य. "खाली" म्हणजे काय? मराठीत तळाशी, उर्दूत रिकामं. पुन्हा शून्य. तपासणाऱ्याला दोन्ही भाषा येत असतील तर कदाचित तो थांबेल. एकच येत असेल तर मूल चुकलं, एवढंच त्याला दिसेल.

पण यापेक्षा खोल एक अडचण आहे आणि ती अचूक भाषांतरानेही सुटत नाही. अशा चाचण्यांत प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात आणि ओळीने ठरावीक प्रश्न चुकले की ती उपचाचणी थांबवतात. मुलाला उगाच हैराण करायचं नाही, हा चांगला हेतू. पण "सोपं" आणि "अवघड" हे शब्दाला कायमचे चिकटलेले नसतात. एका भाषेत घरातला असलेला शब्द दुसऱ्या भाषेत फक्त पुस्तकात सापडतो. समजा वीस शब्द आहेत आणि ओळीने पाच चुकले की थांबायचं आहे. भाषा बदलल्यामुळे सहावा ते दहावा शब्द अचानक अवघड झाले. मूल दहाव्यावर थांबलं. बारावा, चौदावा, पंधरावा त्याला येत होते, पण ते त्याला कोणी विचारलेच नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर लूप वेळेआधी तुटली आणि प्रोग्रामने न तपासलेल्या सगळ्या नोंदी "चूक" धरल्या.

म्हणून चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना प्रश्नांचं भाषांतर हा कामाचा छोटा भाग असतो. नंतर त्या भाषेतल्या शेकडो मुलांना ती द्यावी लागते, प्रश्नांचा क्रम नव्याने लावावा लागतो आणि कोणत्या वयाचं मूल किती सोडवतं याची मानकं नव्याने काढावी लागतात. शेवटी आणखी एक तपास असतो. एकूण गुण सारखेच असलेली दोन भाषांतली मुलं घ्यायची आणि पाहायचं की एखादा प्रश्न एकाच गटाला सातत्याने जड जातो का. जात असेल तर दोष प्रश्नात आहे, मुलांत नाही. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं नीट लिहिलेलं आहे. मॅडमनी ऐन वेळी हिंदीत सांगितलेल्या प्रश्नांसाठी यातलं काहीही झालेलं नव्हतं. ती त्या दिवशी, त्या टेबलावर तयार झालेली चाचणी होती. तिची मानकं जगात कुठेच नाहीत.

आपल्याकडे हे कोणालाच माहीत नव्हतं?

माहीत होतं, आणि शंभर वर्षांपासून. 1922 मध्ये लाहोरला सी. हर्बर्ट राइस यांनी बिने यांच्या चाचणीवरून हिंदुस्तानी चाचणी बसवली. म्हणजे रांगेत उर्दूचा नंबर पहिल्या काही जणांत होता! पुढे 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटक भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिने चाचणी बसवली आणि 1940 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बिने-कामत नावाने ती आजही ओळखली जाते. मग नागपूरला ए. जे. मालिन यांनी अमेरिकन वेक्सलर चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी केली. ती 1969 ची.

या माणसांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी मुलांमध्ये बसून काम केलं. दोष त्यांच्यानंतर आलेल्यांचा आहे, ज्यांनी ते मोजमाप तसंच चालू ठेवलं. वसमतच्या बाजारात हळद मोजणाऱ्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का ठरलेल्या मुदतीत पुन्हा घ्यावा लागतो. काटा जुना झाला तर व्यापाऱ्याला दंड होतो. मुलाचं आयुष्य ठरवणाऱ्या काट्यावरचा शिक्का माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षाचा आहे आणि त्याबद्दल कोणालाही दंड होत नाही.

जुन्या मानकांचा एक उलटा परिणामही आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की अनेक देशांत पिढीमागून पिढी चाचण्यांतले गुण वाढत गेले. त्यामुळे जुन्या मानकांवर आजची मुलं जास्त हुशार दिसतात. मग कोणी म्हणेल, झालं तर, एक चूक वर ढकलते, एक खाली, हिशेब बरोबर. नाही होत. वर ढकलणारी चूक नागपूर-पुण्याच्या घरात पुस्तकं असलेल्या मुलाला जास्त मिळते. खाली ढकलणारी चूक फाट्यावरच्या आणि तांड्यावरच्या मुलाला मिळते. एकाच काट्यावर दोघांना वेगळी दांडी मारली जाते.

"मग चित्रांची चाचणी द्या"

हा सल्ला मला पुण्यातल्या मित्रांनी लगेच दिला. भाषाच नको, आकृत्या द्या. अर्धा सल्ला बरोबर आहे. भाच्याचा कृतीचा भाग पाहिला नसता तर मलाही काही कळलं नसतं. पण चित्रं शाळेपासून मुक्त असतात हा भ्रम आहे. आकृत्यांची सर्वांत प्रसिद्ध चाचणी रेव्हन यांची, 1938 ची. फ्लिन यांना सर्वांत मोठी वाढ अशाच चाचणीत दिसली. नेदरलँड्समध्ये सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांचे गुण 1952 ते 1982 या तीस वर्षांत सुमारे वीसने वाढले. तीस वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही. बदललं ते शिक्षण, राहणी आणि विचार करण्याची सवय. म्हणजे ही चाचणीही सवय मोजत होती.

सवय म्हणजे काय, हे अलेक्झांडर लुरिया यांनी फार आधी पाहिलं होतं. 1931-32 मध्ये हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शेतकरी मुसलमान, बहुतेक निरक्षर. त्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवून विचारलं, यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला सांगतो, ओंडका, बाकीची हत्यारं. निरक्षर शेतकरी सांगत की चारही एकत्रच हवीत, ओंडका नसेल तर करवत कशाला चालवायची? आणि ज्यांनी थोडंसं शिक्षण घेतलं होतं, ते गट पाडू लागले होते. बुद्धी तीच, गावही तेच. फरक काही काळाच्या शाळेचा.

आता भाच्याचं "साम्य" मधलं 62 आठवा. अशा उपचाचणीत "दोन्ही एकाच जातीची" असं सांगितलं तर पूर्ण गुण, "दोन्ही अशी वापरतात" म्हटलं तर कमी किंवा शून्य. घरी मी त्याला माझा एक प्रश्न विचारला, पान्हा आणि जॅक यांच्यात सारखं काय? त्याचे अब्बा पंक्चरचं दुकान चालवतात. तो म्हणाला, "मामू, जॅक लगाए बगैर पाना क्या काम का?" चाचणीच्या हिशेबात हे शून्याचं उत्तर. मी पुन्हा विचारलं, दोघांना मिळून एक नाव दे. क्षणात म्हणाला, "औजार." येत होतं त्याला. कोणत्या प्रकारचं उत्तर हवं आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

दोन सोपी उत्तरं, दोन्ही चुकीची

एक उत्तर व्यवस्थेचं. चाचणी मान्यताप्राप्त आहे, आकडा आकडा असतो, नियम सगळ्यांना सारखा. याला माझं उत्तर वर आलं आहे. शिवाय कोणत्याही मोजमापात चूक असतेच. फार विश्वासार्ह, 0.95 विश्वसनीयतेची चाचणी धरली तरी एका मुलाच्या गुणात दोन्ही बाजूंना सहा-साडेसहा गुणांची ढील धरावी लागते. म्हणजे 84 चा प्रामाणिक अर्थ "बहुधा 78 ते 90 च्या दरम्यान" असा होतो, आणि तोही मूल त्याच भाषेचं असेल तर. तिथे 85 वर दार आपटणं हे शास्त्र नाही.

दुसरं उत्तर आपल्या माणसांचं. मोहल्ल्यात मी हे बोललो तेव्हा एक जण लगेच म्हणाला, "ही सगळी आपल्या पोरांना मागं ठेवायची चाल आहे, चाचणीलाच पाठवू नका." मला हे उत्तर जास्त धोक्याचं वाटतं. चाचणी टाळली तर भाच्याला मिळणारी मदतही टळते. आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. गोरमाटी बोलणारं मूल मराठी चाचणीत तसंच अडकतं. मराठी घरातलं मूल इंग्रजी शाळेत गेल्यावर इंग्रजी चाचणीत अडकतं. आपण रडगाणं आपल्यापुरतं गायलं तर ऐकणाराही कोणी राहणार नाही.

कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली नऊ मुलं इंग्रजी चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात टाकली होती. स्पॅनिश येणाऱ्या तज्ज्ञाने पुन्हा तपासलं तेव्हा त्यांचे गुण सरासरी पंधराने वाढले. पालक न्यायालयात गेले आणि 1970 मध्ये सरकारला तडजोडीत मान्य करावं लागलं की मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. त्या पालकांनी चाचणीवर बहिष्कार टाकला नाही. त्यांनी तीच चाचणी नीट घ्यायला लावली. आपल्या राज्यघटनेचं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. ज्या भाषेत शिकवायचं मान्य केलं, त्या भाषेत मोजायचं मात्र कोणी मान्य केलेलं नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखायची डाली ही चाचणी केली, तेव्हा सुरुवातीच्या चार भाषा हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी होत्या. हे मोठं काम झालं. त्यात उर्दू नव्हती, आणि आम्ही कोणी जाऊन विचारलंही नव्हतं.

आता काय मागायचं

तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कागद आला तर एकूण आकडा पाहून गप्प बसू नका. अहवालात उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे मागा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मधे भाषांतर केलं का आणि मानकं कोणत्या साली कोणत्या मुलांवर काढली, हे लिहून मागा. शाब्दिक आणि कृतीच्या भागांत मोठी दरी असेल तर नम्रपणे विचारा की या मुलासाठी सरासरी धरणं योग्य आहे का. मुलाची भाषा बोलणाऱ्या तज्ज्ञाकडे पुन्हा तपासणी मागा. पण लगेच नको. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा दिली तर सरावानेच गुण वाढतात आणि तो आकडाही खोटा ठरतो. आपाने असा अर्ज दिला आहे. उर्दू जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञासाठी तिला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागणार आहे.

सरकारकडे मागणी एकच पुरे. मानकं नसलेल्या भाषेत चाचणी झाली असेल, तर केवळ त्या आकड्यावर वाचनाची तपासणी नाकारू नये.

आणि मागणी स्वतःकडेही आहे. मराठवाड्यात उर्दू शाळा आहेत, मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुली आहेत, आकडेवारी हाताळणारे माझ्यासारखे इंजिनिअर आहेत. उर्दू-दखनी मुलांची मानकं काढायला मोठी यंत्रं लागत नाहीत. परवानगी घेतलेली चाचणी, प्रशिक्षित विद्यार्थी, पालकांची संमती आणि दोन-तीन वर्षं शाळाशाळांत बसण्याची चिकाटी लागते. विद्यापीठातल्या तज्ज्ञांना सोबत घ्यावं लागेल, कारण हे काम हौशी माणसाने एकट्याने केलं तर आणखी एक खोटा काटा तयार होईल. गोरमाटीसाठी तांड्यावरच्या शिक्षकांनाही बोलवा. या कामाचा हिशेब लिहायला, गुणांची तपासणी करायला मी बसतो. सुट्टीला मी वारंगा फाट्यावरच असतो.